लेगिंग्सवर कुर्ती किती लांब हवी? आधी साइड कट कुठून सुरू होतो ते मोज

ताई, माझी उंची 5 फूट 2 इंच, सीट 41. बँकेत काउंटरला आहे, स्कूटीने जाते-येते. दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन 4 कुर्त्या घेतल्या, सगळ्या 30 इंची. फोटोत मस्त दिसत होत्या पण लेगिंग्सवर घातल्या की दिवसभर मागून खाली ओढत बसते. माझ्याकडे एक जुना 28 इंची ट्यूनिक आहे, तो मात्र एकदम नीट बसतो, हे कसं काय? क्रीम रंगाची लेगिंग्स घातली की तर सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतं. वन्संनी इंग्लंडहून जाड काळ्या टाइट्स पाठवल्यात, त्या लेगिंग्सऐवजी चालतील का? रिटर्नची तारीख गेली, आता या कुर्त्यांचं काय करू?
— ओढून ओढून दमलेली, नाशिक

अगं दमलेली, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ त्या 28 इंची ट्यूनिकची आहे. मी पैज लावायला तयार आहे की त्या ट्यूनिकला एकतर साइड कट नसेलच, खाली जरा घेर असेल, किंवा कट असला तरी अगदी शेवटच्या 3-4 इंचात असेल. जाऊन बघ. आणि तुझ्या त्या 4 कुर्त्या सरळ कापाच्या असणार, कमरेच्या जरा खालीच दोन्ही बाजूंनी फाकलेल्या. म्हणजे लेबलवर 30 लिहिलंय खरं, पण बाजूने तुझं अंग झाकणारं कापड 20 इंचालाच संपतंय, तिथून खाली नुसते दोन पडदे लोंबतायत, एक पुढे एक मागे. लेगिंग्सवर घालताना मी कुर्तीची लांबी दोन आकड्यांत मोजते, एक खांद्यापासून कट सुरू होतो तिथपर्यंत आणि दुसरा खांद्यापासून तळापर्यंत, आणि यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा, जो कुठलीच वेबसाइट सहसा सांगत नाही.

आता टेप घे आणि स्वतःला माप. आरशासमोर लेगिंग्स आणि रोजची ब्रा घालून उभी राहा, टेपचं टोक मानेजवळ खांद्याची शिवण येते तिथे धर, छातीवरून सरळ खाली सोड, आणि मांड्या जिथे जुळतात त्या रेघेला किती इंच येतात ते बघ. 5 फूट 2 इंचाला हे साधारण 25-26 च्या आसपास येतं, गुडघा 36 च्या आसपास. माणसागणिक इंचभर इकडेतिकडे होतंच, छाती भरलेली असेल तर पुढून अजून थोडं जास्त, म्हणून माझे आकडे न घेता स्वतःचे घे आणि मोबाइलमध्ये लिहून ठेव. आपण पुढच्या हिशेबाला तुझी रेघ 25 धरू.

रेघ 25 आणि कट 20, म्हणजे मधले 5 इंच, जिथे सीट सगळ्यात रुंद असते नेमके तेच, बाजूने उघडे. ट्यूनिकची लांबी 28 असली तरी तिथे कापड अखंड गोल फिरतंय, त्यामुळे तू चाल, वाक, वळ, ते तुझ्याबरोबर येतं. कुर्ती 2 इंच लांब असूनही कमी झाकते ती यामुळे.

तू म्हणशील मग गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्यांना पण कट कमरेपाशीच असतो की, त्या कशा चालतात? त्या चालतात कारण त्यांचे पडदे लांब असतात. 38 इंची कुर्तीला कटच्या खाली 18 इंच कापड लोंबतं, त्याला स्वतःचं वजन असतं, चालताना ते पायांना धरून राहतं आणि बाजूने फार तर लेगिंग्सची एक पट्टी दिसते. 30 इंचीला तोच पडदा जेमतेम 10 इंचाचा, त्याला वजनच नाही, पाऊल टाकलं की फडकतो, बसलं की मांडीवर गोळा होतो आणि पंख्याखाली उभं राहिलं की विषयच संपला. म्हणून सरळ कुर्त्यांचा माझा हिशेब असा आहे, कट उंच असेल तर लांबी गुडघ्याजवळ पाहिजे, लांबी कमी असेल तर कट खाली पाहिजे, म्हणजे तुझ्या मापाने खांद्यापासून 24 इंचांच्या आधी सुरू होणारा नको. उंच कट आणि आखूड लांबी दोन्ही एकत्र असेल तर ती कुर्ती पँटवर घालायची, लेगिंग्सवर नाही. शर्टासारखे तळाला गोलाई दिलेले ट्यूनिक असतात ना, बाजूला चढलेले आणि पुढेमागे लांब, त्यांना पण हाच नियम लावायचा, तिथे बाजूचा सगळ्यात वर चढलेला भाग म्हणजेच कट समज.

फोटोत हे कळत नाही कारण फोटोतली मुलगी हात खाली सोडून सरळ उभी असते. आणि एक, उंची कमी म्हणून कुर्ती आखूड पडते असं मनात असेल तर काढून टाक, हीच 30 इंची कुर्ती 5 फूट 7 इंचाच्या मुलीला अजून वर येईल.

आता मागून वर का चढते ते. याची तीन कारणं असतात आणि तिन्हीचे उपाय वेगळे, म्हणून आधी तुझं कोणतं ते ओळखायला पाहिजे, नाहीतर बायका थेट टेलरकडे जाऊन खाली लेस लावून आणतात आणि लेससकट कुर्ती परत वरच चढते.

पहिलं कारण सीटला कुर्ती तंग असणं. हे ओळखणं एकदम सोपं आहे, कुर्ती घालून नुसती स्तब्ध उभी राहा आणि बाजूने आरशात बघ. कट बंद राहिला, दोन्ही कडा एकमेकींना टेकून सरळ खाली आल्या तर माप बरोबर. उभं असतानाच कट उलट्या व्ही सारखा फाकला असेल तर कुर्ती सीटला कमी पडतेय, आणि कापडाला खाली जागा मिळत नाही म्हणून ते कमरेकडे सरकतं, पाठीच्या खळग्यात एक आडवी चुणी पडते. ती चुणी म्हणजेच तू दिवसभर ओढतेस ते कापड. तू कितीही ओढ, 5 मिनिटांनी ते परत तिथेच जाणार कारण त्याला बसायला तीच एक सैल जागा आहे. तुझी सीट 41 आहे तर सरळ कुर्ती सीटला निदान 43 तरी हवी, 44 असली तर उत्तम, कारण खुर्चीत बसलं की सीट अजून पसरते. कुर्ती जमिनीवर सपाट पसर, कटच्या वरच्या टोकाला आडवं माप, ते दुप्पट कर. सपाट 21 आलं तर 42, म्हणजे नुसतं उभं राहण्यापुरतं पुरेल.

दुसरं कारण मुंढा, आणि याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. मुंढा खूप खोल असेल, म्हणजे बाहीची शिवण काखेच्या बरीच खाली येत असेल, तर हात वर केला की बाही अख्खी कुर्ती घेऊन वर जाते. रेडिमेड कुर्त्यांत मुंढा बऱ्याचदा खोलच असतो, कारण खोल मुंढा जास्त जणींना चालून जातो. तू काउंटरला बसतेस, मागच्या रॅकवरून रजिस्टर काढायचं, प्रिंटरकडे हात न्यायचा, प्रत्येक वेळी तळ 2-3 इंच वर. कुर्ती घालून दोन्ही हात डोक्यावर ने आणि तळ किती वर गेला ते बघ, मग हात खाली आण आणि हात न लावता ती आपली आपण खाली आली का ते पण बघ. वर जाणं साहजिक आहे, खाली न येणं हा प्रॉब्लेम. खोल मुंढा टेलरला वर घेता येत नाही, कापड कापलं गेलेलं असतं, फार तर काखेत जोड देता येतो पण तो दिसतो. त्यामुळे अशी कुर्ती लांबीने भरपाई होत असेल तरच ठेवायची.

तिसरं कारण कापड कापडाला चिकटणं. कॉटन लायक्राच्या लेगिंग्सचा पृष्ठभाग जरासा केसाळ असतो, जुनी झाली की मांड्यांना बारीक गोळे पण येतात, आणि त्यावर सुती किंवा खादीसारखी खरखरीत कुर्ती असेल तर चालताना लेगिंग्स तिला पकडते आणि दोन्ही मांड्यांच्या मधे ती वर वर चढत जाते. क्रेप-जॉर्जेटचं उलटं, ते हिवाळ्यात कोरड्या हवेत चार्ज होऊन पायांना चिकटून बसतं. ओळखायची खूण अशी की उभं राहून कुर्ती छान दिसते, हात वर केले तरी खाली येते, पण पन्नास-साठ पावलं चाललीस की बिघडते. यावर लांबी वाढवून काही होत नाही, मधे गुळगुळीत काहीतरी पाहिजे, एक साधा अस्तराच्या कापडाचा स्लिप किंवा कुर्तीलाच कमरेखाली अस्तर. चिकटणाऱ्या जॉर्जेटला तात्पुरता उपाय म्हणजे ओलसर हात आतून फिरवायचा, तासदोन तास निभावतं.

वर्णनावरून तुझं पहिलं कारण मुख्य वाटतंय आणि दुसरं त्याला मदत करतंय, पण तू स्वतः बघ.

मग आता त्या 4 कुर्त्या. टेलरकडे न्यायच्या आधी चारही धुऊन घे, घरी, साध्या पाण्यात, आणि वाळवून इस्त्री करून मग मोज. सुती कापड पहिल्या एकदोन धुण्यांत आटतं, 30 इंचावर एक इंच सहज जातो, आणि आधी काम करून घेतलंस तर कुर्ती आटेल पण जोडलेली पट्टी आटणार नाही, मग तळाला झालरीसारख्या चुण्या पडतील. जोडायचं कापड पण भिजवूनच द्यायचं. टेलर विचारत नाहीत, आपणच सांगायचं.

धुतल्यावर चारींचे तीन तीन आकडे लिही, एकूण लांबी, कटची सुरुवात, कटपाशी सीटचं माप. समजा पहिली आली 29.5, कट 20, सीट 45. ही सैल आहे, हिचं काम सगळ्यात स्वस्त, कट खाली 24.5 पर्यंत शिवून बंद करायचा. खाली 5 इंच कट उरतो, चालायला बसायला तेवढा पुरतो. टेलरला सांग की जुना कट जिथे सुरू होत होता तिथे आधी दुमडलेली पट्टी उसवून मग शिवण सरळ घे, नुसतं वरून मशीन मारलं तर तिथे बाजूला गाठ आल्यासारखा उंचवटा दिसतो, आणि नवीन टोकाला आतून एक छोटा तुकडा लावून पक्कं करून घे, कारण सगळा ताण तिथेच येतो आणि स्कूटीवर पाय टाकताना तिथेच फाटतं.

दुसरी समजा आली 29, कट 20, सीट 42. ही तंग आहे आणि इथे कट बंद करायचा नाही, आवर्जून सांगते, कारण आत्ता तो कट फाकून तुला जागा देतोय, बंद केलास तर कुर्ती अजून वर चढेल आणि बसता पण येणार नाही. हिला कळी घालायची. कटच्या जागी दोन्ही बाजूंना त्रिकोणी तुकडा, वर टोक 20 पाशी, उंची तळापर्यंत म्हणजे 9 इंच, आणि तळाला रुंदी 4 ते 5 इंच. बाजू अखंड झाली, तळाचा घेर 8-10 इंचांनी वाढला, आणि कुर्ती तुझ्या त्या ट्यूनिकसारखी वागायला लागली. पण एक बघ, कळीचं टोक जिथे सुरू होतं तिथे ती शून्य इंच जागा देते आणि सीट तर त्याच्या जरा खाली लगेच रुंद होते, म्हणून शिवणीत आत कापड दाबलेलं असेल तर टेलरला कंबर ते कट पाव पाव इंच सोडायला सांग. दोन्ही बाजूंना मिळून इंचभर सुटतं आणि पाठीवरची ती चुणी बहुतेक जाते. कापड सेम मिळणार नाही, शोधायला पण जाऊ नकोस, कारण जवळपासचा पण वेगळा रंग सगळ्यात वाईट दिसतो, मुद्दाम वेगळं घे, कुर्तीच्या प्रिंटमधलाच एखादा गडद रंग, आणि तेच कापड बाहीच्या तळाला अर्धा इंच पायपिंग म्हणून लाव म्हणजे ते ठरवून केल्यासारखं दिसतं.

29 इंच लांबी आणि बाजू बंद, हे तुझ्या 25 च्या रेघेला पुरेल का? उभं असताना रेघेखाली 4 इंच येतात. वाकलीस की पाठ लांबते आणि मागचा तळ 3-4 इंच वर येतो, म्हणजे काठावर पास. खालच्या ड्रॉवरमधून काही काढायचं असेल, स्कूटीच्या डिकीत वाकायचं असेल तर मला काठावर पास चालत नाही, म्हणून हिला तळाला 3 इंचाची पट्टी पण त्याच कापडाची घाल, 32 होतील. पट्टी लेसची घालायची असेल तर खाली अस्तर पाहिजे, जाळीची लेस लांबी वाढवते पण झाकत काहीच नाही, लेगिंग्स तिच्यातून दिसतेच.

तिसरी-चौथीचं असंच ठरव. आणि एखादीचा मुंढाच खोल निघाला, हात खाली आणल्यावर पण ती वरच राहिली, तर तिच्यावर टेलरचे पैसे घालू नकोस, तिला सरळ पँटवर नाहीतर जीन्सवर घाल. आखूड कुर्ती वाईट नसते, तिच्याखाली लेगिंग्स घातली की वाईट होते. आमच्याकडे लेगिंग्स आली ती चुडीदारच्या जागी, गुडघ्याखालच्या कुर्त्यांच्या काळात, मग कुर्त्या चढत गेल्या आणि लेगिंग्स तीच राहिली. अर्थात कोणाला आखूड टॉपवर घालायचीच असेल तर खुशाल घालावी, तिला कोणी अडवलंय, पण दिवसभर ओढत बसण्यात ना धड फॅशन ना धड आराम.

दिसण्याबद्दल थोडंसं, कारण तू विचारलं नाहीस तरी पट्टी लावताना कामाला येईल. तळ मांडीच्या सगळ्यात जाड भागावर थांबला की नजर तिथेच थांबते आणि पाय आहेत त्यापेक्षा जाड वाटतात, 2 इंच वर किंवा 2 इंच खाली गेलं की फरक पडतो. आपल्या उंचीच्या बायकांना 32-33, म्हणजे गुडघ्याच्या 3-4 इंच वर, किंवा मग 38, म्हणजे गुडघा पूर्ण झाकून, हे दोन्ही छान दिसतं. बरोबर गुडघ्याच्या वाटीवर येणारी 36 टाळ, बसताना ती वाटीवर अडकते. आणि आखूड कुर्तीखाली घोट्यापाशी चुण्या पडणारी चुडीदार लेगिंग्स नको, अँकल लेंग्थ घे, वर कापड कमी आणि खाली चुण्यांचा ढीग असं झालं की उंची अजून कमी वाटते.

आता क्रीम लेगिंग्स. बघणारे बघत असतील नसतील, पण आपण आधी ती खरंच आरपार आहे का ते तपासू. हातात धरून जाड वाटते यावर जाऊ नकोस, लेगिंग्स विणलेली असते आणि ताणली की तिचे फासे उघडतात, म्हणजे दुकानात जाड दिसणारी सीटवर ताण आला की चाळण होते. दिवसा खिडकीकडे पाठ करून उभी राहा, वाक, आणि घरात कोणालातरी मागून मोबाइलने फ्लॅश लावून फोटो काढायला सांग. फ्लॅश आरशापेक्षा निर्दय असतो, आतल्या कपड्याची कड दिसत असेल तर तो दाखवतोच. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली एवढं दिसणार नाही, पण नाशिकच्या दुपारच्या उन्हात जिना चढताना दिसेल.

उपाय म्हणशील तर पहिला, साइझ एक मोठी घे. बायका लेगिंग्स अंगाला घट्ट बसावी म्हणून लहान घेतात आणि मग ती जास्त ताणली जाऊन जास्त आरपार होते. फ्री साइझच्या भानगडीत तर 41 सीटला पडूच नकोस. दुसरं कापड, कॉटन 95 टक्के आणि लायक्रा 5 टक्के हे नेहमीचं मिश्रण ठीक आहे, पण फिकट रंगात जीएसएम 200 च्या पुढचं बघ, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन 200 ग्रॅमच्या वर, ऑनलाइन माहितीत कधी कधी दिलेलं असतं. काळ्या-नेव्ही ब्लूला 180 पण निभावतं, क्रीमला नाही. दोन्ही पायांच्या शिवणी जुळतात तिथे हिऱ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला आहे का ते उलटी करून बघ, तो असेल तर ताण एका शिवणीवर येत नाही आणि बसताना लेगिंग्स आत ओढली जात नाही. तिसरं, क्रीम आणि पांढऱ्याखाली पांढरं इनरवेअर उठून दिसतं, आपल्या कातडीच्या रंगाचं, कडेला शिवण नसलेलं घाल, आणि वरून मांडीपर्यंतची त्याच रंगाची पातळ सायकलिंग शॉर्ट. त्या शॉर्टने स्कूटीवरचा प्रश्न पण सुटतो, पुढचा पडदा उडाला तरी आत एक थर आहे. स्कूटीवर बसताना पुढचा पडदा डाव्या मांडीखाली दाबून बस, गाठ मारू नकोस, गाठीच्या सुरकुत्या दिवसभर जात नाहीत. आणि हो, कातडीच्या रंगाची लेगिंग्स मात्र कुठल्याही लांबीच्या कुर्तीखाली घेऊ नकोस, लांबून काहीच घातलं नाही असं वाटतं, ती दुकानात एवढी का विकली जाते मला आजवर कळलेलं नाही.

लेगिंग्सला गरम पाणी, कडक ऊन आणि इस्त्री लागली की लायक्रा मरतो, मग गुडघे आणि सीट पोत्यासारखी होते, आणि अशी सैल झालेली लेगिंग्स कुर्तीला जास्त पकडते. उलटी करून सावलीत वाळव, आणि मांड्यांवर गोळे आले की ती घरात घालायला काढ.

राहिल्या वन्संच्या टाइट्स. तिकडे टाइट्स घालतात त्या ड्रेस नाहीतर स्कर्टखाली, नायलॉनच्या, पायाच्या बोटांपर्यंत बंद. पाकिटावर डेनियर म्हणून आकडा असेल, तो धाग्याच्या जाडीचा. 15-20 म्हणजे पारदर्शक, 40 अर्धवट, 60 च्या पुढे जाड, 80-100 असेल तर पोटरीला कातडी दिसत नाही. पण 100 डेनियर असल्या तरी त्या लेगिंग्सची जागा घेत नाहीत, कारण एकतर मांडीला आणि सीटला सगळ्यात जास्त ताणल्या जाऊन तिथे पातळ होतात, आणि दुसरं म्हणजे काहींना वरच्या भागाला वेगळ्या विणीची, जास्त गडद चड्डीसारखी पट्टी असते, ती आखूड कुर्तीच्या कटमधून सरळ दिसते. टाइट्सना माझी कसोटी एकच, वरचा कपडा खाली काहीही न घालता ड्रेस म्हणून घालून बाहेर जाता येईल का? येत असेल तर टाइट्स चालतील. तुझ्या मापाने म्हणजे 35-36 च्या पुढचं, कट नसलेलं, घेराचं काहीतरी.

घालायच्या आधी पाकिटावरचा आकडा आणि साइझ बघून घे, तिकडे साइझ बहुतेक उंची आणि सीट दोन्ही मिळून पाकिटामागच्या तक्त्यात देतात. आखूड पडल्या की आसन खाली राहतं, चालताना सरकत जातं आणि मग कुर्तीऐवजी टाइट्स ओढत बसशील. घालताना बोटांपर्यंत गोळा करून एकेक पाय थोडा थोडा वर आण, अंगठी काढून ठेव, आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीतच वापर, मार्चनंतर नायलॉनमध्ये पाय उकडतील. तोवर टेलरकडे पहिली ती सैल कुर्ती दे, तिचं काम अर्ध्या तासाचं आहे, घालून आठवडाभर ऑफिसला जाऊन बघ, आणि मगच कळीवाली टाक.